व्हायरल छायाचित्राचे मूळ शोधताना 'सर्वात जुने' म्हणजे नेमके काय समजावे?

मुग्धा_वि

एका लहान मुलाने आपल्याहून लहान मुलीला घट्ट कवटाळले आहे, असे एक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिले असेल. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतरच्या आठवड्यात हे छायाचित्र 'नेपाळमधील चार वर्षांचा भाऊ दोन वर्षांच्या बहिणीला सांभाळतो आहे' अशा मजकुरासह जगभर फिरले, आणि त्याच्या आधारे मदतीची आवाहनेही केली गेली. हल्ली आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ते पुन्हा आले आहे. या वेळी मजकूर वेगळा आहे, मुले मात्र तीच आहेत.

बीबीसीने मे 2015 मध्येच या छायाचित्राचा माग काढला होता. ना सोन न्युएन या व्हिएतनामी छायाचित्रकाराने ते ऑक्टोबर 2007 मध्ये हा जियांग प्रांतातील कान ती या गावी टिपले होते आणि आपल्या ब्लॉगवर टाकले होते. मुलांचे आईवडील शेतावर कामाला गेले होते आणि मुले घरासमोर खेळत होती. परका माणूस पाहून मुलगी रडू लागली, म्हणून मुलाने तिला जवळ घेतले. त्यात भूकंप नाही आणि अनाथपणही नाही.

हे मला वाचून कळले. कोणी सांगितले नसते, तर रिव्हर्स इमेज सर्च करून, म्हणजे शब्दांऐवजी छायाचित्रच शोधयंत्रणेला देऊन, मी स्वतः तिथपर्यंत पोहोचले असते का, हा माझा प्रश्न आहे. टिनआय या छायाचित्रे शोधणाऱ्या सेवेवर ते टाकून `Oldest` असा क्रम लावला, तर सर्वात वर आलेल्या पानाची तारीख 2007 च्या पुष्कळ नंतरची आहे. गूगल लेन्सवर शेकडो पाने येतात, पण त्यांना काळाचा क्रमच नाही. अशा वेळी 'पहिले प्रकाशन' ठरवायचे कसे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

अभिजित77

टिनआय वापरलेत हे योग्यच केलेत. गूगल मिळतीजुळती दिसणारी चित्रे दाखवते, टिनआय मात्र त्याच छायाचित्राच्या प्रती दाखवते, मग त्या कातरलेल्या असोत, लहान केलेल्या असोत किंवा रंग बदललेल्या. त्यामुळे `Oldest` मध्ये जे पान वर येते तेच पहिले प्रकाशन, असे मानायला हरकत नाही. छायाचित्रकाराने 2007 मध्ये काढले असेल, पण जालावर ते नंतर आले असेल.

श्रीरंग

अभिजित, तुमच्या म्हणण्यातील पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. टिनआयच्या निकालाखाली दिसणारी तारीख ही त्यांच्या यंत्रणेने ती प्रत प्रथम टिपली त्या दिवसाची असते. पान कधी प्रकाशित झाले, याच्याशी तिचा थेट संबंध नसतो. 2009 मध्ये लिहिलेल्या ब्लॉगवर टिनआयची फेरी 2013 मध्ये पोहोचली, तर तिथे 2013 असेच दिसेल. शिवाय टिनआय ही सेवा सुरूच 2008 मध्ये झाली. ऑक्टोबर 2007 मधील ब्लॉगनोंद तिथे 2007 या तारखेने दिसणे मुळातच अशक्य आहे. मुग्धाताईंना जी विसंगती वाटते आहे, ती खरे पाहता विसंगती नाहीच.

मी काही वर्षे एका वृत्तसंस्थेच्या पडताळणी विभागात काम केले आहे. तिथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकवत असू. पहिला प्रश्न असा की, छायाचित्रासोबतचा दावा खोटा आहे का? दुसरा असा की, छायाचित्र मुळात कोणाचे, कुठले आणि केव्हाचे आहे? पहिल्या प्रश्नाला 25 एप्रिल 2015 च्या आधीची एकच विश्वासार्ह प्रत पुरते. भूकंपाच्या आधी जालावर असलेले छायाचित्र भूकंपाचे असूच शकत नाही, आणि ते व्हिएतनामचे आहे की आणखी कुठले, हे त्यासाठी कळावेही लागत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र रिव्हर्स सर्च ही केवळ सुरुवात असते. ती तुम्हाला 'आज शिल्लक असलेली, यंत्रणेला सापडलेली सर्वात जुनी प्रत' देते. मूळ प्रत त्याच्याही मागे कितीतरी असू शकते.

हणमंत_सोलापूर

वाचतो आहे. फार उपयोगी धागा आहे. आमच्या गटात असे काही आले की सगळे जण 'खोटे आहे' म्हणून मोकळे होतात, पण कसे कळले ते कोणीच सांगत नाही.

तन्वी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय हाच आहे असे वाटते. माझ्या मावसबहिणीचे छायाचित्र वापरून कोणीतरी विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर खोटे खाते उघडले आहे. आम्ही तिचे मूळ छायाचित्र टिनआय आणि गूगल या दोन्हींवर टाकून पाहिले, पण काहीच सापडले नाही. याचा अर्थ ते इतर कुठे वापरलेले नाही, असा घ्यायचा का?

श्रीरंग

तन्वी, तसा अर्थ कृपया घेऊ नका. विवाहजुळणीची संकेतस्थळे, इन्स्टाग्रामची खासगी खाती, फेसबुकवरील बहुतेक नोंदी आणि व्हॉट्सॲप या सगळ्या जागा लॉगिनच्या दाराआड असतात, त्यामुळे शोधयंत्रणा तिथे पोहोचत नाही. 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'उघड्या जालावर आमच्या नोंदीत नाही' एवढाच असतो. शिवाय तुमचे काम मूळ शोधण्याचे नाही, मूळ तर तुमच्याच हाती आहे. त्या खात्याचे पूर्ण पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, संकेतस्थळाकडे तक्रार करा आणि `cybercrime.gov.in` येथे नोंद करा. बहिणीचे छायाचित्र चेहरा ओळखून देणाऱ्या अनोळखी सेवांवर चढवू नका, कारण तिथे ते साठवले जाण्याची शक्यता असते.

तन्वी

आभारी आहे. स्क्रीनशॉट घेतलेले नव्हते, आजच घेते.

रेवा

श्रीरंग यांच्या प्रतिसादाला जोडून लिहिते. शोध घेण्याआधी छायाचित्र कसे तयार केले, यावर बरेच काही अवलंबून असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या या छायाचित्राच्या वर-खाली सहसा मजकुराच्या पट्ट्या असतात आणि कोपऱ्यात एखाद्या पानाचे चिन्ह असते. तसेच्या तसे टाकले की गूगल लेन्स त्या मजकुरालाच धरून बसते आणि तोच मजकूर असलेली पाने पुढे करते. परिणामी तुम्ही ज्या दाव्याची शंका घेत आहात, त्याच दाव्याची पाने पुन्हा पुन्हा दिसतात. पट्ट्या आणि चिन्ह कातरून फक्त मुलांचा भाग ठेवला, तर निकाल स्पष्ट बदलतात. लेन्समध्ये 'हुबेहूब जुळणारी' असा वेगळा विभाग असतो, तोच उघडावा, नाहीतर जगभरातील मिठी मारणारी मुले पाहत बसावे लागते.

दुसरे असे की, छायाचित्र आडवे उलटे करून, म्हणजे डावीउजवी बाजू बदलून, पुन्हा एकदा शोधावे. चोरलेली छायाचित्रे ओळखू येऊ नयेत म्हणून काही जण मुद्दाम असे करतात, आणि मग एरवी सापडणारी प्रत निसटते.

अभिजित77

श्रीरंग, टिनआयच्या तारखेबद्दल तुम्ही लिहिलेत ते पटले. मग मी दुसऱ्या वाटेने गेलो आणि एक विचित्र गोष्ट हाती लागली. रेवा यांनी सांगितल्याप्रमाणे कातरून गूगलवर शोधले, तर एका परदेशी वृत्तस्थळाचे पान आले, आणि त्यावर लेखाची तारीख 2006 अशी आहे. त्या पानावर हे छायाचित्र खरोखरच दिसते आहे. म्हणजे छायाचित्रकार ज्या ऑक्टोबर 2007 चा उल्लेख करतो, त्याच्याही आधीचे. आता बीबीसीची बातमी चुकीची म्हणायची का?

श्रीरंग

हा सापळा मी अनेकदा पाहिला आहे. तुम्ही तो सर्वांसमोर आणलात हे चांगले झाले, कारण आता तो टप्प्याटप्प्याने उलगडता येईल. त्या पानावर छायाचित्र नेमके कुठे आहे, हे आधी पाहा. ते लेखाच्या मजकुरात आहे, की उजवीकडच्या 'आणखी वाचा' अशा पट्टीत? नंतर छायाचित्रावर उजवी कळ दाबून ते वेगळ्या खिडकीत उघडा आणि वरच्या पत्त्यात काय लिहिले आहे ते इथे कळवा. पूर्ण पत्ता देण्याची गरज नाही, फक्त वर्ष-महिना दिसतो का एवढे सांगा.

अभिजित77

पाहिले. लेखाचा विषय पूर्णपणे वेगळा आहे. छायाचित्र उजव्या पट्टीत, 'लोकप्रिय' या शीर्षकाखाली लहान आकारात आहे. वेगळ्या खिडकीत उघडल्यावर पत्त्यात `/wp-content/uploads/2015/05/` असा भाग दिसतो.

श्रीरंग

उलगडा झाला. लेख 2006 चा आहे, पण पानाची बाजूची पट्टी आजची आहे. संकेतस्थळ जुने पान उघडताना पट्टी नव्याने भरते, त्यामुळे 2006 च्या लेखाशेजारी 2015 मध्ये चढवलेले छायाचित्र येऊन बसते. गूगलने पानाची तारीख घेतली आणि पानावर सापडलेले छायाचित्र तिला जोडून दिले. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांत चित्राच्या पत्त्यात सहसा वर्ष आणि महिना येतो. तो चढवल्याच्या वेळेचा असल्यामुळे अशा प्रसंगी लेखाच्या तारखेपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. त्यालाही मर्यादा आहे, कारण संकेतस्थळ एका यंत्रणेवरून दुसरीवर हलवले की जुनी चित्रे कधीकधी नव्या महिन्याच्या कप्प्यात जाऊन पडतात. म्हणजे पत्ता छायाचित्राला प्रत्यक्षाहून नवे ठरवू शकतो, पण जुने सहसा ठरवत नाही.

याच कारणाने `before:2015-04-25` असे लिहून गूगलवर शोधणारे लोकही फसतात. ती अट पानाच्या तारखेला लागू होते, त्यावरील छायाचित्राला नाही. शोध आवळण्यासाठी ती उत्तम आहे, पुरावा म्हणून पुरेशी नाही.

मुग्धा_वि

मग 25 एप्रिल 2015 च्या आधीची 'विश्वासार्ह प्रत' म्हणजे काय? जालावरील जुनी पाने साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये जतन झालेले पान चालेल का? तिथल्या पत्त्यात तर वर्ष, महिना, दिवस आणि वेळ सगळेच दिसते.

श्रीरंग

चालेल, पण एक गोष्ट तपासून. वेबॅक मशीन पानाचा मजकूर आणि त्यावरील चित्रे वेगवेगळ्या वेळी जतन करते, आणि तुम्ही पान उघडता तेव्हा जवळच्या तारखांचे तुकडे एकत्र जोडून दाखवते. पान 2012 मधले असले, तरी त्यात दिसणारे चित्र 2016 मध्ये जतन झालेले असू शकते. म्हणून चित्र वेगळे उघडावे. चित्राच्या स्वतःच्या जतन-पत्त्यात जी तारीख दिसेल, ती ग्राह्य धरावी. ती भूकंपाच्या आधीची असली आणि चित्र खरोखर तेच असले, तर नेपाळचा दावा तिथेच संपतो. ही तारीख संकेतस्थळाच्या मालकाला मागाहून बदलता येत नाही, म्हणून तिला इतके वजन आहे.

हणमंत_सोलापूर

एक शंका आहे. छायाचित्राच्या फाइलमध्येच कॅमेरा, तारीख, वेळ अशी माहिती असते असे ऐकले आहे. ती उघडून पाहिली की एवढे सगळे करायला नको, नाही का?

रेवा

हणमंतराव, ती माहिती मूळ फाइलमध्ये असते हे खरे आहे. परंतु व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवले की ती काढून टाकली जाते, आणि फेसबुक व ट्विटरवरून उतरवून घेतलेल्या प्रतीतही ती राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तर स्क्रीनशॉट घेतल्याचीच वेळ असते. म्हणून व्हायरल प्रतीत ती माहिती शोधणे बहुधा व्यर्थ ठरते. माग काढत काढत मूळ छायाचित्रकारापर्यंत पोहोचलात, तर मात्र त्याच्याकडील मूळ फाइलमध्ये ती मिळू शकते आणि तिथे तिचा खरा उपयोग होतो.

प्रवासी_पक्षी

मी कामानिमित्त हनोईत राहते, म्हणून या धाग्यावर मुद्दाम लिहिते आहे. इथे आल्यावर हे छायाचित्र इथल्या सहकाऱ्यांना दाखवले होते. त्यांनी ते आधीच पाहिलेले होते, पण अनाथ भावंडांची गोष्ट म्हणूनच. म्हणजे व्हिएतनाममध्येही छायाचित्राला चुकीची कहाणी चिकटली होती, आणि ती नेपाळच्या कहाणीहून जुनी होती. छायाचित्रकाराच्या सांगण्यानुसार पुढे ती मुले ब्रह्मदेशातील अनाथ आणि सीरियातील युद्धाचे बळी म्हणूनही फिरवली गेली. नेपाळचे रूप या मालिकेत बरेच उशिरा आले.

शोधाच्या दृष्टीने सांगायचे, तर छायाचित्र ज्या प्रदेशातील असण्याची शक्यता दिसते, त्या प्रदेशाच्या भाषेत शब्दशोध घेतल्याने फार फरक पडतो. इंग्रजीत शोधले की नेपाळ आणि त्याचे खंडन एवढेच समोर येते. `hai anh em Hà Giang` असे अचूक खुणांसह टाकले, तर इथल्या वृत्तस्थळांची आणि ब्लॉगांची पाने उघडतात, आणि त्यांत छायाचित्रकाराचे नाव भेटण्याचा संभव कितीतरी वाढतो. हा जियांग हा चीनच्या सीमेवरचा उत्तरेकडील डोंगराळ प्रांत होता, 2025 मध्ये तो तुयेन क्वांग प्रांतात विलीन झाला, आणि छायाचित्रातील मुले ह्मोंग समाजातील आहेत. त्या भागातील लोकांची छायाचित्रे पाहिलेला इथला माणूस 'हे नेपाळ नाही' असे पटकन म्हणेल. शोधयंत्रणा तसे म्हणणार नाही.

श्रीरंग

हे फार मोलाचे आहे. मुग्धाताईंनी विचारलेली 'तिथपर्यंत स्वतः पोहोचण्याची' वाट इथूनच जाते. आधी जुन्या तारखेच्या प्रती काढायच्या, आणि त्यांतील सर्वात जुनीवर न थांबता त्या सगळ्यांत दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, कोणत्या प्रतीत छायाचित्राचा सर्वाधिक भाग शिल्लक आहे? कातरलेल्या प्रतीतून न कातरलेली प्रत तयार होत नाही. त्यामुळे ज्या प्रतीच्या कडेला इतरांपेक्षा जास्त जमीन, जास्त भिंत, मुलांचे पूर्ण पाय दिसतील, ती मुळाच्या अधिक जवळची असते, मग तिची तारीख नंतरची का असेना. टिनआयवर `Biggest image` असा क्रम असतो तो याच कामी येतो, पण नुसत्या आकारावर जाऊ नये, कारण लहान चित्र ताणून मोठे करता येते. ताणलेले चित्र केसांच्या आणि कापडाच्या कडांवर पुसट दिसते. दुसरी गोष्ट, कोणत्या जुन्या पानांवर गावाचे नाव किंवा छायाचित्रकाराचे नाव आहे? अशी नावे प्रती होताना गळतात, ती सहसा नव्याने उगवत नाहीत. नाव मिळाले की त्या व्यक्तीला लिहायचे.

अभिजित77

इथे मला आक्षेप आहे, आणि तो गंभीर आहे. शेवटी सगळे छायाचित्रकाराच्या शब्दावर येऊन थांबते. एखाद्याने दुसऱ्याचे छायाचित्र स्वतःचे म्हणून सांगितले तर? जालावर 2007 ची नोंद आपल्यापैकी कोणालाच दिसत नाही, मग '2007' हे सिद्ध झाले असे कसे म्हणता येईल?

श्रीरंग

आक्षेप योग्य आहे. म्हणूनच अशा वेळी छायाचित्रकाराकडे त्याच प्रसंगातील आधीच्या-नंतरच्या चौकटी, म्हणजे लागोपाठ टिपलेली इतर छायाचित्रे, मागायच्या असतात. ज्याने दोन मुलांना समोर उभे राहून टिपले, त्याच्याकडे सहसा एकच चौकट नसते. ज्याने जालावरून उचलले, त्याच्याकडे तेवढी एकच असते. त्याच्या जोडीला मूळ फाइल आणि त्याच दौऱ्यातील इतर छायाचित्रे पाहिली, तर दावा पुष्कळ भक्कम होतो. ना सोन न्युएन हे व्यावसायिक छायाचित्रकार आहेत, त्यांनी गाव, महिना आणि प्रसंग नेमका सांगितला आहे, आणि त्यांच्या सांगण्याला छेद देणारी एकही जुनी प्रत पुढे आलेली नाही. हे मला पुरेसे वाटते. परंतु '2007' हे वर्ष शोधयंत्रणेने दिलेले नाही, ते माणसाने सांगितलेले आहे, हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो.

अभिजित77

'पुरेसे वाटते' आणि 'सिद्ध झाले' यांत माझ्या मते अंतर आहे. तुमचा मुद्दा समजला, तरी मी 'छायाचित्रकाराच्या म्हणण्यानुसार 2007' असेच लिहीन.

प्रवासी_पक्षी

2007 ची नोंद का दिसत नसावी, याबद्दल एक शक्यता मांडते. त्या काळी व्हिएतनाममध्ये याहू 360 या ब्लॉगसेवेचा फार मोठा प्रसार होता, आणि ती सेवा 2009 मध्ये बंद झाली. न्युएन यांचा ब्लॉग तिथेच होता असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या वर्षीचे असंख्य व्हिएतनामी ब्लॉग त्या सेवेबरोबर जालावरून नाहीसे झाले, एवढे नक्की. अशा वेळी सर्वात जुनी शिल्लक प्रत ही कोणा तरी नक्कल करणाऱ्याचीच असणार.

सुहास_गोवा

या धाग्यावरून शार्कच्या छायाचित्राची आठवण झाली. वादळानंतर पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर मोटारीशेजारी शार्क पोहत आहे, असे ते छायाचित्र 2011 च्या आयरीन वादळानंतर पोर्टो रिकोचे म्हणून आले, आणि 2017 च्या हार्वे वादळात ह्यूस्टनचे म्हणून पुन्हा आले. त्यातील शार्क थॉमस पेशाक या छायाचित्रकाराने दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात टिपलेल्या छायाचित्रातून उचललेला आहे. मूळ छायाचित्रात तो एका लहानशा नावेच्या मागे पोहतो आहे. अशा जोडकामात रिव्हर्स सर्च चालते का? एकाच छायाचित्राला दोन मुळे असतात, असे म्हणावे लागेल.

रेवा

चालते, पण तुकड्यांनी. पूर्ण छायाचित्र टाकले तर शोध जोडकाम प्रथम फिरले त्या काळापर्यंत जाऊन अडतो, कारण त्यामागे तसे छायाचित्र अस्तित्वातच नव्हते. 'हार्वेचे नाही' हे त्याने कळते, 'बनावट आहे' हे कळत नाही. शार्कभोवतीचा चौकोन कातरून फक्त तेवढाच शोधला, तर मूळ नावेच्या छायाचित्रापर्यंत पोहोचता येते. शार्कची मुद्रा, शेपटीचा बाक आणि पंखाची दिशा दोन्हीकडे तंतोतंत जुळली, की शंका उरत नाही. व्हायरल छायाचित्राचा शोध नेमका वादळाच्या वर्षाशी येऊन थांबत असेल आणि मागे काहीच मिळत नसेल, तर ते खरेच ताजे आहे असे मानण्याआधी तुकडे करून पाहावेत.

हणमंत_सोलापूर

सरकारी कागदातही असे झाले होते ना? सीमेवरच्या दिव्यांचे छायाचित्र?

श्रीरंग

होय. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2016-17 च्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवरील प्रकाशझोतांचे म्हणून छापलेले छायाचित्र स्पेन-मोरोक्को सीमेचे निघाले. ऑल्ट न्यूज या पडताळणी करणाऱ्या संकेतस्थळाने जून 2017 मध्ये ते दाखवून दिले. तिथेही रिव्हर्स सर्चनेच वाट दाखवली.

तन्वी

चलचित्रांसाठीही हे करता येते का? मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांच्या वेळी जी चित्रफीत फिरत होती, तिचे मूळ कसे सापडले असेल?

रेवा

चित्रफितीतून ठळक चौकटी वेगळ्या काढून प्रत्येक चौकट छायाचित्राप्रमाणे शोधतात. इन्व्हिड नावाचे ब्राउझरमधील साधन हे काम करून देते. 2018 मध्ये देशभर फिरलेली, दुचाकीवरून मूल उचलून नेणारी ती चित्रफीत कराचीतील जनजागृतीच्या जाहिरातीचा भाग होती. मूळ जाहिरातीच्या शेवटी तोच दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतो आणि संदेशाचा फलक दाखवतो. तेवढाच शेवट कापून ती पसरवली गेली. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच अफवांच्या वातावरणात जमावाने पाच जणांना ठार मारले. म्हणून मी कातरलेल्या भागाबद्दल इतक्या आग्रहाने लिहिते. पूर्ण प्रत सापडली की काय कापले आहे ते दिसते, आणि जे कापले असते त्यातच बहुतेकदा उत्तर असते.

मुग्धा_वि

सर्वांची मनापासून आभारी आहे. वेबॅक मशीनवर भूकंपाआधी जतन झालेली एक प्रत मला आज मिळाली. श्रीरंग यांनी सांगितल्याप्रमाणे चित्र वेगळे उघडून त्याचीच तारीख पाहिली आहे. माझ्या सोसायटीच्या गटासाठी पुढील मजकूर लिहिला आहे, कृपया तपासावा: 'हे छायाचित्र आपल्या गटात आले आहे त्या घटनेचे नाही. 2015 च्या नेपाळ भूकंपाच्या आधीपासून ते जालावर आहे. ते ऑक्टोबर 2007 मध्ये व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतात प्रथम प्रकाशित झाले. या नावाने कोणी मदत मागत असेल, तर पैसे पाठवू नयेत.'

अभिजित77

'प्रथम प्रकाशित झाले' या जागी 'टिपले, असे छायाचित्रकार ना सोन न्युएन यांनी सांगितले आहे' असे करावे. टिपणे आणि प्रकाशित करणे वेगळे आहे, आणि प्रकाशनाची पहिली तारीख आपल्याकडे नाही.

श्रीरंग

अभिजित यांची दुरुस्ती स्वीकारावी. जतन झालेल्या चित्राचा पत्ताही मजकुरासोबत द्या, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला स्वतः उघडून पाहता येईल. आणि त्यासोबत छायाचित्र पुन्हा पाठवणार असाल, तर त्यावर ठळक आडवी रेघ मारून पाठवा, नाहीतर उद्या तुमचीच स्वच्छ प्रत नव्या मजकुरासह पुढे जाईल.

प्रवासी_पक्षी

अनाथपणाची कहाणी या छायाचित्राला सर्वात आधी कोणी जोडली, हे मात्र अजून कोणालाच सांगता आलेले नाही. 2009 ते 2014 या काळातील काही व्हिएतनामी मंचांची पाने अजून उघडतात. पुढच्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या मदतीने ती पाहणार आहे. काही मिळाले तर इथेच लिहीन.